तिकीट अर्धवट असेल तर

‘कूपनची रक्कम चुकत होती, दुरुस्त केली.’ डेव्हलपरने तिकिटावर एवढंच लिहिलं, तर टेस्टर नेमकं काय तपासणार? अशा वेळी क्यूए लीडचा मेसेज साधारण असा असतो:

‘अरे, १००० रुपयांची वस्तू, १०० रुपयांचं कूपन, १८ टक्के जीएसटी. सूट आधी वजा केली तर बिल १०६२ येतं, कर लावून मग वजा केली तर १०८०. आपल्याला कोणतं हवंय? दुरुस्ती कोणत्या बिल्डमध्ये आहे? ऑर्डर रद्द झाल्यावरच्या परताव्याला हात लावलास का?’

यात ‘सविस्तर लिही’ असा मोघम शेरा नाही, आणि तेच मला महत्त्वाचं वाटतं. आकडे समोर असले की उत्तर एका ओळीत येतं. गंमत म्हणजे कूपन १० टक्क्यांचं असतं तर दोन्ही वाटांनी १०६२च आले असते. तेवढंच तपासून तिकीट बंद झालं असतं आणि चूक ग्राहकाच्या बिलात उतरली असती. डेव्हलपरचं उत्तर मात्र तिकिटावरच नोंदवावं. चॅटमधलं उत्तर पुढच्या टेस्टरला सापडत नाही.