तो एक तास कुठून आणला?

परीक्षा आठवड्यावर आली की हॉस्टेलमध्ये दोन गट पडतात. एक नाइट मारणारा, दुसरा ‘झोप झाली तरच डोकं चालतं’ म्हणणारा. टेन्शन घेणारे दोन्हीकडे असतातच. अभ्यास, झोप आणि टेन्शन यांतल्या प्रत्येकाचा गुणांशी किती संबंध आहे, हे एकत्र तपासायची संख्याशास्त्रातली पद्धत म्हणजे मल्टिपल रिग्रेशन.

समजा, एका वर्गातल्या मुलांचे रोजचे अभ्यासाचे आणि झोपेचे तास नोंदवले. टेन्शन मोजायला ० ते ४० गुणांची प्रश्नावली दिली. त्यावरून हे समीकरण निघालं (आकडे फक्त उदाहरणासाठी):

गुण = २० + ३ × अभ्यास + ४ × झोप − ०.५ × टेन्शन

यातले ३, ४ आणि −०.५ हे सहगुणक. ३ चा अर्थ ‘एक तास जास्त अभ्यास, तीन गुण जास्त’ एवढाच घेतला तर फसगत होते. खरा अर्थ असा, की झोप आणि टेन्शन सारखंच असलेल्या दोघांपैकी जो एक तास जास्त अभ्यास करतो, त्याचे अंदाजे तीन गुण जास्त. म्हणजे तो तास मोबाइलमधून आलाय, झोपेतून नाही!

आता करून बघा. पाच तास अभ्यास, सात तास झोप, टेन्शन २०: गुण ५३. त्याच मुलीनं झोपेतले दोन तास काढून अभ्यासाला दिले, तर अभ्यासाचे सहा गुण वाढले, पण झोपेचे आठ गेले. हाती ५१.

झोप न मोजता फक्त अभ्यास घेतला असता तर? या वर्गात अभ्यासाच्या प्रत्येक जादा तासामागे झोप सरासरी अर्धा तास कमी होत असेल आणि टेन्शनमध्ये फरक पडत नसेल, तर ३ चा सहगुणक घसरून १ वर येईल. अभ्यास ‘कुचकामी’ वाटेल, पण ती वजाबाकी झोपेची असेल.

टेन्शनचा ०.५ बघून ‘एवढंसंच तर आहे’ म्हणू नका. तो प्रश्नावलीतल्या एका गुणामागे आहे, तर झोपेचा ४ एका तासामागे. एककं वेगळी, म्हणून थेट तुलना चालत नाही. दोन मुलांच्या टेन्शनमध्ये दहाचा फरक असेल, तर गुणांत पाचाचा फरक दिसतो.

सुरुवातीचे २० म्हणजे अभ्यास, झोप, टेन्शन सगळं शून्य असलेल्याचे गुण. असा प्राणी वर्गात नसतो, त्यामुळे त्यातून अर्थ काढू नये.

शेवटचा धोका कारणाचा. टेन्शनमुळे गुण कमी झाले, की विषय कच्चा म्हणून टेन्शनही आलं आणि गुणही गेले? हे समीकरण त्याचं उत्तर देत नाही. बारा तास झोपलात तर ४८ गुण फुकट, असंही नाही. वर्गात कुणी तेवढं झोपलंच नसेल, तर तिथला अंदाज हवेतलाच.