लाळ्या-खुरकूत : लाळ गळायच्या आधीचे तीन दिवस

मैत्रिणींनो, लाळ्या-खुरकूत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तोंडातून तारेसारखी लाळ गळणारी गाय येते. पण लाळ दिसते तेव्हा रोग गोठ्यात येऊन बरेच दिवस झालेले असतात. आपल्या प्रभागातल्या एका ताईंच्या गोठ्यात हे मी जवळून बघितलं. त्यांचं नाव देत नाही, पण त्यांच्या परवानगीने सगळं सांगते.

ताईंनी गटातून साठ हजारांचं कर्ज काढलं आणि मंगळवारच्या बाजारातून पंचावन्न हजारांची दुसऱ्या वेताची संकरित गाय आणली. गाय एका पायावर जरा दबून चालत होती. व्यापारी म्हणाला, टेम्पोत उभी राहून पाय अवघडलाय, दोन दिवसांत मोकळा होईल. कानात पिवळा बिल्ला होता, गाय खात होती, तोंडाला लाळ नव्हती. घरी आणून हळदीकुंकू लावलं आणि जुन्या गाईशेजारी त्याच दावणीला बांधली. गव्हाण एक, पाण्याचा हौदही एकच.

रविवारी सकाळी जुन्या गाईचं दूध सहा लिटरवरून साडेतीनवर आलं. ताईंना वाटलं, कुट्टी बदलली म्हणून असेल. सोमवारी तिने रवंथ सोडलं, अंग तापलं. मंगळवारी लाळ सुरू झाली, मचमच आवाज यायला लागला आणि गाय एकदा हा पाय, एकदा तो पाय झटकायला लागली. तेव्हा त्यांनी मला फोन केला आणि मी १९६२ वर केला. तो पशुवैद्यकीय फिरत्या गाडीचा टोल फ्री नंबर आहे, घरात सगळ्यांना पाठ असू द्या.

बुधवारी डॉक्टर आले. आजारी गाय बघून झाल्यावर ते आपणहून नव्या गाईकडे गेले. आम्ही म्हटलं, सर, ही तर बरी आहे. त्यांनी तिचं तोंड उघडून दाखवलं. जिभेवर रुपयाएवढे दोन फिकट डाग होते, जखम भरून नवी कातडी आल्यासारखे. खुराच्या बेचक्यात वाळत आलेली खपली होती. डॉक्टर म्हणाले, "ही जखम आठ-दहा दिवसांची आहे. म्हणजे बाजारात उभी होती तेव्हाच हिला रोग होता." लस टोचलेली असल्यामुळे बहुतेक तिला तो सौम्य आला, पण विषाणू ती बाहेर टाकतच होती.

जखमेच्या वयाची ही गोष्ट मी तिथे पहिल्यांदा शिकले. पहिल्या दिवशी जिभेवर, हिरडीवर आणि वरच्या ओठाच्या आत पाण्याने भरलेला, पांढुरका फोड असतो. (गाईला वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, एक कडक गादी असते. तिथेही बघायचं.) हा फोड जेमतेम एक दिवस टिकतो. म्हणून फोड सापडला नाही तर रोग नाही असं धरू नका. तो फुटला की कातडीची लोंबती चिंधी राहते आणि खाली लालभडक, ओली जागा दिसते. तीन-चार दिवसांनी कडा बोथट होतात, वर पिवळसर थर येतो, आणि आठवड्याभरात फिकट डाग उरतो. खुरात असंच बेचक्यात आणि नखी जिथे कातडीला मिळते त्या कडेला होतं, फक्त भरायला जास्त वेळ लागतो. सडांवरही फोड येतात. धार काढताना गाय अचानक लाथ मारायला लागली तर तिला शिव्या देण्याआधी सड बघा.

तोंड उघडताना एक काळजी घ्या. नुसती लाळ गळणं म्हणजे लाळ्या-खुरकूत असं नाही. घशात काही अडकलं तरी लाळ येते आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतरही येते. जनावराचं वागणं विचित्र असेल, ते हंबरत असेल, पाणी गिळता येत नसेल, तर तोंडात हात अजिबात घालायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचं. एरवीही हातमोजा घालूनच बघा. एकच खूर सुजून घाण वास येत असेल आणि तोंड स्वच्छ असेल तर तो खूरसडा असू शकतो. लंपीत कातडीवर गाठी येतात. ताप, तोंड आणि एकापेक्षा जास्त पाय असं एकत्र दिसलं की संशय पक्का धरायचा. शेळ्या-मेंढ्यांत तर लाळ दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, नुसत्या लंगडतात आणि कळपभर रोग पसरवतात.

आता शीर्षकातल्या तीन दिवसांकडे येते. विषाणू अंगात शिरल्यावर साधारण दोन ते चौदा दिवसांत लक्षणं दिसतात. पण लक्षणं दिसण्याआधीच जनावराच्या श्वासातून, लाळेतून आणि दुधातून तो बाहेर पडायला लागलेला असतो. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार ताईंच्या जुन्या गाईचं दूध संकलन केंद्रावर गेलं, तेव्हा रोगही किटलीतून गेला असेल. शेजारच्या जावेची बैलजोडी त्याच हौदावर पाणी प्यायली. आणि त्या रविवारी मी स्वतः गोठ्यालगतच्या पडवीत गटाची बैठक घेतली, तिथून तशीच पलीकडच्या वस्तीवर शेळीगटाचे फोटो काढायला गेले. डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही इथून कुठं कुठं गेलात?" तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. सहा दिवसांनी त्या वस्तीवर दोन गाई आणि चार शेळ्या लंगडायला लागल्या. माझ्या चपलांनी गेला की दुधाच्या किटल्यांनी, कळायला मार्ग नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत रबरी बूट आणि धुण्याच्या सोड्याची पुडी असते.

हा सोडा फार कामाचा आहे. खायचा सोडा नाही, कपडे धुवायचा. दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम विरघळवायचा. हा विषाणू आम्लात आणि तीव्र खारात टिकत नाही, म्हणून साध्या सोड्यानेही मरतो. पण आधी शेण आणि चिखल खरवडून, जमीन पाण्याने धुऊन घ्यायची. शेणाच्या थराखाली कुठलंच औषध पोचत नाही. गव्हाण, हौदाची कड, बादल्या धुवायच्या, आणि दारात त्याच पाण्यात भिजवलेलं गोणपाट ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यावर पाय द्यायचा. हातमोजे घाला, सोड्याने कातडी सोलते. जनावर पुन्हा बांधायच्या आधी गव्हाण साध्या पाण्याने धुऊन काढा.

आजारी गाईवर विषाणू मारणारं औषध नाही. डॉक्टर जे इंजेक्शन देतात ते ताप, वेदना आणि जखमेत होणारा दुसरा संसर्ग यासाठी असतं, कोणतं द्यायचं ते त्यांनी ठरवायचं. आपल्या हाती सेवा असते. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्कट गुलाबी पाण्याने तोंड दिवसातून दोन-तीनदा धुवायचं. पाणी जांभळं झालं तर जास्त झालं, ते जखम भाजतं. मग टाकणखार ग्लिसरीनमध्ये कालवून जिभेला हलक्या हाताने लावायचं. मीठ चोळू नका, जनावर दुखण्यानेच खाणं सोडतं. कडबा बंद करून भाताची पेज, भिजवलेला कोंडा, कोवळं गवत द्या. खूर धुऊन, कोरडे करून माशी न बसणारं मलम लावा, कारण बेचक्यात अळ्या पडल्या की दुखणं महिनाभर लांबतं. धार निरोगी गाईंची आधी आणि आजारी गाईची शेवटी काढा. माणसाला याची भीती जवळजवळ नसते, पण दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये.

ताईंची दोन महिन्यांची कालवड आईलाच पीत होती. गुरुवारी सकाळी ती मरून पडलेली दिसली. तोंडात एक फोड नव्हता. लहान वासरांत विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो आणि वासरू उभ्या उभ्या कोसळतं. आईला ताप दिसताच वासरू वेगळं बांधून त्याला निरोगी गाईचं उकळून कोमट केलेलं दूध पाजायला हवं होतं. हे आम्हाला एक दिवस उशिरा कळलं. मेलेलं वासरू ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा.

जुन्या गाईला लस का नव्हती? शिबिराच्या दिवशी ताईंनी तिला मळ्यात नेऊन बांधलं होतं. "टोचलं की दूध कमी होतं" असं त्या म्हणाल्या. ते खरंही आहे. एक-दोन दिवस थोडं दूध कमी होतं, कधी टोचल्या जागी गाठ येते. पण या आजारात तिचं दूध आठ दिवस जवळजवळ बंद होतं आणि नंतर दोन लिटरच्या वर गेलं नाही. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस फुकट मिळते. वासराला चार महिन्यांचं झाल्यावर पहिली, महिन्याभराने दुसरी आणि मग दर सहा महिन्यांनी. या लसीची ताकद लवकर उतरते, म्हणून मागच्या वर्षीची लस आज कामाची नाही. त्याहून लहान वासराचं रक्षण लस घेतलेल्या आईच्या चिकातूनच होतं. शेवटच्या महिन्यांतली गाभण गाय असेल तर तसं टोचणाऱ्याला आधी सांगा.

साथ आल्यावरही आजूबाजूच्या निरोगी जनावरांना टोचतात, पण बाहेरून आत येत, आणि आजारी गोठ्यात पाय न टाकता. तोवर आजारी जनावर विकायचं नाही, चरायला सोडायचं नाही. २००९ च्या कायद्यानुसार हा रोग कळवणं मालकाला बंधनकारक आहे. आजारी जनावराची लाळ बाकीच्यांना मुद्दाम लावून "एकदाच सगळ्यांचं होऊन जाऊ दे" असं काही जुनी माणसं करायची. संकरित गाई आणि वासरांच्या गोठ्यात तसं करणं म्हणजे हाताने नुकसान ओढवून घेणं.

ताईंच्या गटाने यानंतर जनावराच्या कर्जाला तीन गोष्टी जोडल्या. खरेदीआधी कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर पशुसखीला कळवायचा, म्हणजे लसीची तारीख दवाखान्यात तपासता येते. लंगडणारं जनावर, कारण काहीही सांगितलं तरी, घ्यायचं नाही. आणि नवं जनावर एकवीस दिवस वेगळं बांधायचं, वेगळी बादली, वेगळी गव्हाण, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. घर लहान असेल तर गटातल्या कुणाच्या मळ्यातली जागा बघायची. ऊसतोडीहून परतलेल्या बैलांनाही हाच नियम लावला, त्यावर बैठकीत बरीच वादावादी झाली.

जुनी गाय वाचली, पण आता थोडं ऊन चढलं की तिला धाप लागते आणि ती दोनदा उलटली. डॉक्टर म्हणतात, या रोगानंतर काही जनावरांचं असंच होतं. हप्त्याचे सहा महिने गटाने वाढवून दिलेत. पुढच्या शिबिराची तारीख पशुसखीने गटाच्या फळ्यावर लिहिली आहे, आणि त्या दिवशी गाय मळ्यात न्यायची नाही असं ताईंनी स्वतः त्याखाली लिहिलं आहे.