चूक की बरोबर: २१ जूनला सूर्य डोक्यावर असतो?

चूक, निदान मीरा-भाईंदरपुरते. २१ जूनचा दिवस इथे वर्षात सर्वांत मोठा, सुमारे सव्वातेरा तासांचा असतो हे खरे. पण सूर्य तेव्हा कर्कवृत्तावर, साडेतेवीस अंशांवर असतो आणि आपले शहर साधारण १९.३ अंशांवर आहे. त्यामुळे माध्यान्हीला, म्हणजे घड्याळात बारा चाळीसच्या सुमारास, मीटरभर उभ्या काठीची सात सेंटिमीटर सावली चक्क दक्षिणेकडे पडते. सावली नाहीशी होते ती मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात. मग सर्वांत मोठा दिवस सर्वांत उष्ण तरी असेल ना, असे कोणी विचारेल. तेही नाही: जूनच्या अखेरीस मोसमी ढग ऊन अडवतात, म्हणून दुपारचा पारा मेपेक्षा सहसा खालीच राहतो.