भिंतीला कान असतात, पण दाराखाली फट असते

रात्री साडेनऊला कुठल्याही मुलांच्या होस्टेलचा जिना चढून बघावा. प्रत्येक वळणावर एकजण फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभा असतो. मुलींच्या होस्टेलमध्ये हीच गर्दी गच्चीच्या दाराशी आणि कपडे वाळत घालायच्या गॅलरीत दिसते. घरी आईवडिलांसोबत राहणाऱ्यांची तऱ्हा वेगळी असते. ते अचानक कचरा टाकायला उत्साहाने निघतात आणि वीस मिनिटांनी परततात. कुणाचा नोकरीचा इंटरव्ह्यू असतो, कुणाचं प्रेमप्रकरण, कुणाचं समुपदेशकाशी बोलणं. प्रत्येकजण जागा शोधत असतो. खरं तर जागेच्या आधी बघायचं ते आवाजाकडे: तो निघतो कुठून आणि पोचतो कुठे.

इअरफोन घातले की आपलं बोलणं खासगी झालं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. इअरफोनने लपतो तो समोरच्याचा आवाज. आपला आवाज खोलीत होता तिथेच राहतो, आणि नेमका तोच गुपित फोडतो. शिवाय अर्धवट संभाषण कानाला जास्त ओढून घेतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एकाग्रतेची कामं करताना कधी दोघांचं पूर्ण संभाषण ऐकवलं, तर कधी त्यातल्या एकाचीच बाजू. एकच बाजू ऐकताना लोकांच्या चुका वाढल्या, कारण पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज मन बांधत बसतं. होस्टेलमधला रूममेट पुस्तकात डोकं घालून बसलेला असला, तरी त्याचे कान आपल्याकडे लागतात ते यामुळेच. तो चोंबडा असेलच असं नाही.

त्यात भर म्हणजे इअरफोन लावलेला माणूस मोठ्याने बोलतो. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एटिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्येच नोंदवलं होतं. कान घट्ट बुजवले की दुसरी अडचण येते. आपलाच आवाज डोक्यात घुमतो, पण खोलीत तो किती पसरतोय हे कळत नाही. जुन्या तारेच्या फोनमध्ये आपला आवाज थोडासा आपल्याच कानात परत यायची सोय असे, त्यामुळे ओरडायची गरज वाटत नसे. बऱ्याच साध्या इअरफोनमध्ये ती नसते. यावर फुकटचा उपाय म्हणजे एकच कान झाकावा, दुसरा मोकळा ठेवावा आणि समोरच्याचा आवाज कमी करावा. समोरचा हळू ऐकू आला की माणूस आपोआप हळू बोलतो. वायरवाला इअरफोन असेल तर त्याचा माइक ओठांच्या कडेशी, चार बोटांवर धरावा. माइक तोंडाजवळ आला की निम्म्या आवाजातही पलीकडे नीट ऐकू जातं.

मात्र कुजबुजू नये. कुजबुजीत स, श, च यांचे फुसफुसणारे आवाज उठून दिसतात, घसा दुखतो, आणि कॉलच्या अॅपमधली गोंगाट कापणारी यंत्रणा कधीकधी कुजबुजीलाच गोंगाट समजून कापून टाकते. खालच्या पट्टीतला साधा आवाज बरा. तो दारापलीकडे नुसता गुणगुणल्यासारखा पोचतो, शब्द सुटे होत नाहीत.

आता दाराकडे वळू. शहरी फ्लॅटमध्ये हॉल आणि बेडरूमच्या मधली भिंत बहुतेकदा साडेचार इंची असते. दोन्ही बाजूंना गिलावा असलेली विटांची अशी भिंत आवाज साधारण 40 डेसिबलने उतरवते. आतून पोकळ असलेलं स्वस्त फ्लश डोअर जेमतेम 20 ने उतरवतं. एक मीटर अंतरावरून ऐकलेलं नेहमीचं बोलणं साधारण 60 डेसिबल असतं. म्हणजे भिंतीपलीकडे काही ऐकू येत नाही, पण दारापलीकडे 40 च्या आसपास उरतं, आणि रात्रीच्या शांत घरात तेवढ्यात शब्द कळतात. त्यातही दाराखाली एक सेंटिमीटरची फट असली, की तीन फुटी दारात तिचं क्षेत्रफळ भरतं 90 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दारात तळहाताएवढं भोक. आंघोळीचा जाड टॉवेल घट्ट गुंडाळून तिथे दाबला, तर लोक बाजारातून आणतात त्या फोमच्या चौकोनांपेक्षा जास्त फायदा होतो. फोम खोलीतल्या आतला घुमारा कमी करतो, बाहेर जाणारा आवाज अडवत नाही. पडद्याचंही तेच. रेकॉर्डिंगसाठी ते चांगलं, गुपितासाठी पैसे वाया.

बाथरूम हा सगळ्यात फसवा आडोसा. कडी असते, कुणी आत येत नाही. पण चारी बाजूंनी टाइल्स असल्यामुळे आवाज घुमतो आणि व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्यांतून इमारतीच्या डक्टमध्ये उतरतो. त्या डक्टमध्ये वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांची बाथरूम उघडतात. घरच्यांना काही कळत नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सगळं कळतं. होस्टेलचा जिनाही त्याच जातीचा. तिथे उभा असलेला माणूस दिसत नाही, पण त्याचं बोलणं दोन मजले ऐकू जातं.

मग आवाज झाकायचा कसा? समुपदेशकांच्या दवाखान्यात दाराबाहेर, प्रतीक्षेच्या खुर्च्यांजवळ एक छोटं यंत्र सतत पंख्यासारखं घोंघावत असतं. ते बाहेर ठेवलेलं असतं यात सगळी मेख आहे. झाकणारा आवाज ऐकणाऱ्याच्या कानाजवळ हवा. बोलणाऱ्याने आपल्या खोलीतला पंखा पाचवर केला तर तो स्वतःच ओरडायला लागतो, पण हॉलमधला टीव्ही आईच्या कानाजवळ असतो. होस्टेलमध्ये याच तत्त्वाने सगळ्यात परिणामकारक हेडफोन म्हणजे रूममेटने घातलेले. गाणी ऐकत बसलेल्या रूममेटपुढे तीन फुटांवरूनही इंटरव्ह्यू देता येतो.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीतलं वन बीएचके, आईवडील, कॉलेजात जाणारा भाऊ आणि नोकरी करणारी मुलगी. तिला आठवड्यातून एकदा समुपदेशकाशी पाऊण तास ऑनलाइन बोलायचं आहे आणि घरी अजून सांगायचं नाही. पहिली वेळ ती रविवारी सकाळी अकराची निवडते, कारण सुट्टी असते. ही सर्वांत वाईट वेळ. सगळे घरात, टीव्ही बंद, आई दर दहा मिनिटांनी काहीतरी विचारायला येणार. गुरुवारी रात्री आठची वेळ जास्त कामाची. आईची मालिका सुरू असते, वडील तिथेच पेपर घेऊन बसलेले असतात, भाऊ क्लासला गेलेला असतो. बेडरूममध्ये ती पलंगाच्या दारालगतच्या टोकाला न बसता खिडकीकडच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून बसते. तोंड ज्या दिशेला तिकडे शब्द जास्त स्पष्ट जातात. खिडकी मात्र बंद हवी, नाहीतर शेजारच्या खिडकीला मेजवानी. दाराखाली टॉवेल.

आणि आदल्या दिवशी एक चाचणी. हॉलमध्ये, आई बसते त्या सोफ्यावर एक फोन रेकॉर्डिंग सुरू करून ठेवायचा, आत जाऊन दार लावायचं आणि कॉलवर बोलतो त्याच आवाजात दोन मिनिटं पेपरातली एखादी बातमी वाचायची. मग रेकॉर्डिंग ऐकायचं. बातमी कशाबद्दल होती हे कळलं, तर बसायची जागा किंवा आवाजाची पट्टी बदलायची. नुसतं गुणगुणणं आलं, तर जमलं. पुन्हा एकदा टीव्ही लावून तीच चाचणी केली, की मालिकेचं महत्त्व पटतं.

कॉल सुरू करायच्या आधी ब्लूटूथची यादी बघणं विसरू नये. फोन आधी कधी जोडलेल्या उपकरणाला आपणहून चिकटतो. मग समुपदेशकाचा पहिला प्रश्न हॉलमधल्या स्पीकरवर वाजतो, आणि सगळी तयारी एका क्षणात पाण्यात जाते.

इथवर आवाजाचं झालं. मराठी घरात खरी कसोटी पुढे असते: “दार का लावलंस?” लावलेलं दार हेच ज्या घरात बातमी असतं, तिथे टॉवेल काय करणार? अचानक, वेगवेगळ्या वेळी दार लागलं की संशय वाढतो. तेच दर गुरुवारी आठ ते पावणेनऊ लागलं की महिन्याभरात ते घराच्या वेळापत्रकात जाऊन बसतं. “ऑफिसचं काम आहे” ही थाप टिकाऊ नसते, कारण पुढच्या वेळी बाबा पगारवाढीची चौकशी करतात. “माझा एक कॉल असतो, पाऊण तास कुणी येऊ नका, कशाचा ते नंतर सांगेन” हे अर्धं सत्य जास्त निभतं. होस्टेलमध्ये असंच सरळ देणंघेणं चालतं. मंगळवारी तासभर तू मेसमध्ये, शुक्रवारी मी. इंटरव्ह्यू असेल तर कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडे छोटी खोली मागून बघावी. अनेक ठिकाणी ती असते, पण मुलं विचारतच नाहीत. पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिका मात्र या कामाच्या नाहीत. तिथे खोकलं तरी चार माना वळतात.

घराबाहेर जायचं तर उभी असलेली गाडी उत्तम. काचा लावल्या की शब्द बाहेर जात नाहीत, फक्त फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला नसावा, कारण त्याचा आवाज दारांतून बाहेर स्पष्ट येतो. मे महिन्यात दुपारी उन्हातल्या बंद गाडीत पाऊण तास बसणं धोक्याचं आहे, आणि एसीसाठी इंजिन सुरू ठेवून बंदिस्त पार्किंगमध्ये बसणं त्याहून जास्त, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. गच्चीवर वारा माइकवर आदळतो, समोरच्याला फक्त खरखर ऐकू जाते. टाकीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर निभतं.

समुपदेशकालाही या अडचणी नवीन नसतात. ते बहुधा सुरुवातीलाच विचारतात, की आत्ता तुम्ही एकटे आहात का आणि कुठे आहात. त्याचं उत्तर खरं द्यावं. कुणी खोलीत आलं तर वापरायचा एखादा ठरलेला शब्द पहिल्याच भेटीत ठरवून घेता येतो. तो शब्द आला की समोरचा गप्प होतो किंवा हवापाण्याचं बोलू लागतो. जे उच्चारणं घरात शक्य नाही, ते त्याच कॉलच्या चॅटमध्ये टाइप करता येतं, आणि ‘हो-नाही’त उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा, असं सांगताही येतं. 2020 मधल्या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरांना व्हिडिओ आणि आवाजाप्रमाणे लेखी संदेशांतूनही सल्ला द्यायची मुभा दिली आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारी टेलिमानस सेवा 14416 वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. तिथे आधी वेळ ठरवावी लागत नाही, त्यामुळे घर रिकामं सापडेल तेव्हा फोन लावता येतो.