अक्कलदाढ काढण्याआधी : ओपीजी पुरेसा की सीबीसीटी हवा?

खालची अक्कलदाढ काढायची ठरली की दातांचे डॉक्टर आधी ओपीजी काढून आणायला सांगतात. तो पाहून झाल्यावर काही जणांच्या हातात दुसरी चिठ्ठी पडते : सीबीसीटी स्कॅन. खर्च काही पटींनी वाढतो, किरणोत्सर्गही वाढतो. दाढ तर ओपीजीत स्वच्छ दिसतेय, मग हा स्कॅन कशाला, असं रुग्णाला वाटणं साहजिक आहे. काही वेळा तो खरोखर लागतो, पण बऱ्याच वेळा लागत नाही.

सगळा प्रश्न एका नसेचा आहे. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बारीक नळी जाते. ती जबड्याच्या मागच्या भागात आतल्या बाजूने शिरते, दाढांच्या मुळांखालून पुढे सरकते आणि तिच्यातल्या नसेची एक शाखा हनुवटीच्या अलीकडे बाहेर पडते. खालचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना या नसेवर अवलंबून असते. नस दुखावली तरी ओठ हलतो, वाकडा होत नाही. पण बधिर राहतो. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही, दाढी करताना हनुवटी कापली तरी जाणवत नाही. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. कायमचा बधिरपणा शंभरात एकापेक्षाही कमी जणांना येतो, पण ज्याची मुळं या नळीला टेकलेली असतात त्याचा धोका सरासरीपेक्षा बराच जास्त असतो.

ओपीजीत यंत्र डोक्याभोवती अर्धगोल फिरतं आणि वळणदार जबडा एका सपाट चित्रात उलगडून दाखवतं. सगळे दात, दोन्ही जबडे आणि सांधे एका नजरेत येतात. पण या चित्राला खोली नसते. गालाकडचं आणि जिभेकडचं सगळं एकावर एक पडतं. मूळ आणि नळी चित्रात एकमेकांवर आली, तर ती खरोखर चिकटलेली आहेत की एक पुढे आणि दुसरी मागे आहे, हे त्यातून कळत नाही. शिवाय चित्र साधारण २० ते ३० टक्के मोठं येतं, तेही सगळीकडे सारखं नाही. त्यामुळे त्यावर पट्टी ठेवून मोजलेले मिलिमीटर धरून चालत नाहीत.

तरीही जाणत्या डॉक्टरला ओपीजी बरंच सांगतो. नळीच्या वरच्या आणि खालच्या कडा पांढऱ्या रेषांसारख्या दिसतात. मुळाजवळ आल्यावर ती रेष तुटली, नळी तिथे अचानक वळली किंवा अरुंद झाली, अथवा मुळावर आडवा काळपट पट्टा दिसला, तर मूळ नळीला खेटून असण्याची शक्यता वाढते. यातला काळा पट्टा मात्र फसवाही असू शकतो. जिभेकडचं हाड पातळ झालं असेल तरी तो दिसतो.

आता दोन रुग्ण समजा. पहिला १९ वर्षांचा मुलगा. दाढ तिरकी अडकली आहे, हिरडी वारंवार सुजते. ओपीजीत मुळांच्या शेंड्यांखाली हाडाचा स्पष्ट थर आहे आणि त्याखाली नळीच्या दोन्ही रेषा सलग आहेत. इथे सीबीसीटीतून नवीन काही हाती लागणार नाही. दाढ काढण्याची पद्धत तीच राहील. दुसरी २७ वर्षांची तरुणी, तक्रार तीच. पण तिच्या ओपीजीत नळीची वरची रेष मुळाजवळ तुटली आहे आणि मुळावर काळा पट्टा आहे. इथे डॉक्टरपुढे नेमका प्रश्न उभा राहतो : नळी मुळाच्या गालाकडे आहे, जिभेकडे आहे की दोन मुळांच्या मधून गेली आहे? आणि मध्ये हाड उरलं आहे का?

सीबीसीटी याचं उत्तर देतो. शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत डोक्याभोवती फिरत शेकडो प्रतिमा टिपतो आणि संगणक त्यांतून त्या भागाची त्रिमितीय रचना तयार करतो. मग हवी तिथे काप घेऊन पाहता येतं. समजा, तरुणीच्या स्कॅनमध्ये नळी जिभेकडे आहे, मुळाला तिची खाच पडली आहे आणि मध्ये हाड नाही. आता बेत बदलतो. दाढीचे तुकडे करून मुळं नसेपासून दूर ढकलत काढता येतील, किंवा फक्त वरचा भाग कापून मुळं हाडातच ठेवता येतील. या दुसऱ्या पद्धतीला कोरोनेक्टमी म्हणतात. मुळांना जंतुसंसर्ग असेल किंवा ती हलत असतील तर ती करत नाहीत. ठेवलेली मुळं काही वर्षांत थोडी वर सरकू शकतात आणि मोजक्या रुग्णांना ती काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. काहीही निवडलं तरी स्कॅनमुळे निर्णय बदलला, म्हणून तो वाया गेला नाही.

सीबीसीटीलाही मर्यादा आहेत. त्यात नस दिसत नाही, तिची हाडाची नळी दिसते. शेजारी धातूची कॅप किंवा इम्प्लांट असेल तर चित्रावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. स्कॅन चालू असताना मान हलली तर हाडाच्या कडा दुहेरी होतात आणि नेमकी हवी ती सूक्ष्म रेष हरवते.

शिवाय स्कॅन केला म्हणून नस वाचते, असंही सिद्ध झालेलं नाही. फक्त ओपीजी आणि सोबत सीबीसीटी अशा दोन गटांची तुलना करणाऱ्या चाचण्यांमध्ये नस दुखावण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. म्हणूनच युरोपातल्या दंत-क्षकिरण तज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये भूमिका घेतली की अक्कलदाढेसाठी सीबीसीटी सरसकट करू नये. साध्या एक्स-रेने न सुटणारा नेमका प्रश्न असेल तेव्हाच करावा.

किरणोत्सर्गाचा हिशेबही पाहू. निसर्गातून जगातल्या सरासरी माणसाला रोज साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. ओपीजीत साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट लागतात, म्हणजे दोन-चार दिवसांचे. फक्त एका दाढेपुरत्या छोट्या सीबीसीटीत बहुतेकदा काही दहा ते शंभरच्या आसपास, म्हणजे काही दिवस ते दोनेक आठवड्यांचे. दोन्ही जबडे आणि चेहरा घेणाऱ्या मोठ्या स्कॅनमध्ये तो आकडा दोनशेच्या पुढे जाऊ शकतो. यंत्र आणि सेटिंगनुसार यात मोठा फरक पडतो. प्रचलित अंदाजाने शंभर मायक्रोसिव्हर्टचा आयुष्यभरातला कर्करोगाचा धोका साधारण दोन लाखांत एक, म्हणजे फार लहान आहे. पण दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये तो तिशीतल्या माणसाच्या सुमारे तिप्पट आणि किशोरवयात दुप्पट धरला जातो. म्हणून दात ओळीत बसवण्यासाठी आलेल्या मुलाचा पूर्ण चेहऱ्याचा स्कॅन सवयीने काढणं पटण्यासारखं नाही.

म्हणून चिठ्ठी हातात पडली की दोन गोष्टी विचाराव्यात. स्कॅनमध्ये नळी इथे किंवा तिथे दिसली तर तुम्ही काय वेगळं कराल? आणि फक्त ही एक दाढ घेतली तर चालेल का? पहिल्याचं उत्तर ‘काही नाही, आपलं असावं’ असं आलं तर स्कॅन टाळता येतो. दुसऱ्याला हो असेल तर चिठ्ठीवरच ‘छोटं क्षेत्र, एकच बाजू’ असं लिहून घ्यावं. केंद्रावर ते सांगितलं नाही तर दोन्ही जबडे घेतले जाण्याची शक्यता राहते. स्कॅन झाल्यावर छापील कागदावर न थांबता पूर्ण फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तीच फाइल उघडता येते आणि स्कॅन पुन्हा काढावा लागत नाही.