उदाहरणार्थ पांडुरंग सांगवीकर वगैरे

मराठी कादंबरीत बोली बऱ्याच आधी आली, पण खूप काळ ती अवतरणचिन्हांच्या आतच राहिली. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये (१९५२) माणसं कोकणातलं बोलतात, पण त्यांची गोष्ट सांगणारा प्रमाण मराठीत सांगतो. सांगणारा शिकलेला आणि बोलणारे गावचे, अशी ही वाटणी. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त ती टिकत नाही. तिथे सांगणारा पांडुरंग स्वतःच गावचा आहे, आणि पुण्याच्या कॉलेजात शिकायला आलेलाही.

पांडुरंग गरीब नाही, हे विसरू नये. खानदेशातल्या सांगवीत वडिलांचं बरं चाललेलं आहे, आणि घरून येणारा पैसा तो पुण्यात मित्रांवर उधळतो. त्याला कमी पडतो तो पैसा नव्हे. सफाईदार भाषा ज्यांच्या घरातच बोलली जाते, त्यांच्यात तो नंतर येऊन बसलेला आहे. म्हणून त्याच्या तोंडी दोन शब्द सतत येतात: ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’.

‘उदाहरणार्थ’ हा वर्गातला, उत्तरपत्रिकेतला शब्द. विधान केलं की दाखला द्यायचा, ही शाळेची शिस्त. पांडुरंग तो शब्द नको तिथे घालतो, आणि पुढे दाखला येतच नाही. ‘वगैरे’चं काम वेगळं. एखादा भारदस्त शब्द वापरायचा आणि लगेच त्यातली हवा काढायची.

माझंच एक वाक्य घेऊ. ‘मी अनुत्तीर्ण झालो’ हे निकालपत्राचं मराठी. ‘गचकलो’ हे होस्टेलचं. आता ‘मी अनुत्तीर्ण वगैरे झालो’ म्हणून पाहा. बोलणाऱ्याला निकालपत्राची भाषा येते, पण तिच्यावर त्याचा विश्वास नाही. शिक्षणाने शब्द दिले, ते आपले वाटण्याची सवय दिली नाही.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. पांडुरंगचं निवेदन सांगवीच्या बोलीतही नाही. ते कॉलेजातल्या पोरांचं, होस्टेलच्या खोल्यांतलं मराठी आहे. पुढे तो गावी परततो, पण गोष्ट सांगतो ती याच भाषेत. मला हे कादंबरीतलं सर्वांत कडवट सत्य वाटतं: शिकायला बाहेर पडलेल्याला घरची भाषा जशीच्या तशी परत मिळत नाही.

पुढे अनेकांनी हे दोन शब्द उचलले. ते कुठे नुसती लकब आहेत, हे ओळखायला सोपं आहे. वाक्यातून ‘वगैरे’ काढून पाहावं. बोलणाऱ्याचं त्या भारदस्त शब्दाशी असलेलं नातं तसंच राहिलं, तर ‘वगैरे’ तिथे शोभेपुरतं होतं.