फोटो ते नॉइज: उलटी वाट

डीडीआयएम इन्व्हर्जन: खऱ्या फोटोत मॉडेलच्याच अंदाजाने, साधारण ५० टप्प्यांत, नॉइज मिसळत जाणे. मूळ डीडीआयएम पद्धत २०२० ची. त्याच नॉइजपासून नव्या शैलीचे वर्णन देऊन परत आले, की माणसे-वस्तू बहुधा जागच्या जागी राहतात.

चूक कुठे शिरते: पुढच्या टप्प्याचा नॉइज अचूक काढायला पुढचेच चित्र लागते आणि ते अजून तयार नसते. म्हणून हातातल्या चित्रावरचा अंदाज वापरतात. फरक सूक्ष्म, पण साठत जातो. परतताना गाइडन्स ७.५ ठेवला तर हा फरक फुगतो. १ वर फारसा जाणवत नाही.

तपासणी: आधी शैली न बदलता, मूळ वर्णनानेच फोटो परत काढावा. मांडणी हलली तर दोष बहुधा इन्व्हर्जनचा. नुसती बारीक अक्षरे बिघडली तर संशय फोटो लेटंटमध्ये नेणाऱ्या एन्कोडरवर.